प्रश्न सातवा: बूट कोणाचे स्वच्छ होते?

नाशकात कॉलेज रोडवर एका औषधाच्या दुकानाच्या माथ्यावर ‘शिखर इंग्लिश’ नावाचा क्लास होता. जिना चढताना प्रत्येक पायरीवर एकेक इंग्रजी सुविचार चिकटवलेला असे, आणि दोन सुविचारांच्या मध्ये संचालक हर्षल देवरे यांचा हाताची घडी घातलेला फोटो. सर मूळचे देवळ्याचे. ही गोष्ट ते कोणाला सांगत नसत. आईचा फोन आला की केबिनचं दार लावून घेत, आणि मग दाराच्या फटीतून ‘घरमा कोन शे?’ असं अस्सल अहिराणी बाहेर येई. दार उघडलं की सर पुन्हा लंडनला पोचलेले असत.

स्नेहल याच क्लासमध्ये मधल्या पातळीची तुकडी शिकवायची. मधली पातळी म्हणजे अशी माणसं, ज्यांना इंग्रजी येतं आणि येत नाही. पाटी वाचता येते, बातमी निम्मी कळते, पण कोणी समोर उभं राहून बोलायला लागलं की घशात गोळा येतो. तिच्या तुकडीत अरिबा होती, जुन्या नाशकात नवरीच्या मेकअपचा स्टुडिओ चालवणारी. तिला दुबईच्या गिऱ्हाइकांशी नीट बोलायचं होतं. सायखेड्याचे शेखरभाऊ होते. त्यांची द्राक्षं परदेशात जात, आणि तिकडच्या खरेदीदाराचा फोन आला की ते मुलीला हाक मारत. मुलीचं लग्न ठरल्यावर त्यांनी क्लास लावला. अशी पंधरावीस माणसं. सगळी शहाणी, आपापल्या धंद्यात मुरलेली, आणि इंग्रजीपुढे मात्र पहिलीतल्या पोरासारखी खाली बघणारी.

एका सकाळी सरांनी स्नेहलला केबिनमध्ये बोलावलं. पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या क्लासने स्वतःचं पुस्तक काढलं होतं आणि ती गोष्ट सरांच्या जिव्हारी लागली होती.

“आपणही काढायचं,” सर म्हणाले. “मिस्ट्री. शॉर्ट स्टोरी. सिम्पल इंग्लिशमध्ये. शेवटी प्रश्न. चार दिवसांत होईल ना? सोपंच तर लिहायचंय.”

सोपं म्हणजे हलकं, आणि हलकं म्हणजे चार दिवसांचं, हा सरांचा हिशोब. स्नेहलने एक महिना मागून घेतला. सरांना वाटलं, बाईंचं इंग्रजी कच्चं असावं.

लिहायला बसल्यावर मात्र तो महिनाही पुरेना. मधल्या पातळीच्या वाचकाला जे हजारबाराशे शब्द बिनधास्त येतात, तेवढ्यांतच गोष्ट सांगायची होती. नवा शब्द पानाला तीनचारच. त्यांतला जो फारच अडेल त्याचा अर्थ पानाच्या तळाशी द्यायचा, बाकीचे आजूबाजूच्या वाक्यांवरून आपोआप कळले पाहिजेत. आणि नवा शब्द एकदा आला की पुढच्या पानांवर तो पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या जागी भेटला पाहिजे. एकदा भेटलेला शब्द हा लग्नात भेटलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा, दुसऱ्या दिवशी नावही आठवत नाही. वाक्यं आखूड, पण इतकीही आखूड नकोत की गोष्ट बालवाडीची वाटावी. वाचणारी माणसं मोठी होती. त्यांची भाषा तोकडी होती, अक्कल नव्हे.

आणि त्यात रहस्यकथा. रहस्यकथेचा सगळा जीव सुगाव्यात. तो सुगावा अवघड शब्दात लपवला तर वाचक हरतो, पण तो भाषेपुढे हरतो, रहस्यापुढे नाही. मग त्याला वाटतं, आपण बुद्दू आहोत. म्हणून सुगावा अगदी साध्या शब्दांत, डोळ्यांसमोर ठेवायचा आणि तरीही तो चटकन दिसू द्यायचा नाही. स्नेहलने तीन कल्पना फाडल्या. चौथी जमली.

गोष्ट पंचवटीतल्या एका मिसळीच्या दुकानाची होती. मालक नाना. त्यांच्या मसाल्याचा स्टीलचा डबा, ज्यात वर्षभराचा मसाला. रविवारी मिसळीची मोठी स्पर्धा. आदल्या रात्री धो धो पाऊस होतो आणि सकाळी डबा नाहीसा. दुकानासमोर अंगण, अंगणात घोट्याएवढा चिखल, आणि आत यायला तेवढी एकच वाट. नानांची हाकाटी ऐकून माणसं जमतात: आचारी बाबू, शेजारच्या मिसेस जोशी, नानांचा पुतण्या विकी. नावं मुद्दाम वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होणारी ठेवली होती. परक्या भाषेत वाचणारा माणूस रमेश-राजेश-राकेशमध्ये हमखास हरवतो. सगळे म्हणतात, मी आत्ताच अंगणातून आलो. बाबूचे पाय चिखलाने भरलेले. मिसेस जोशींच्या चपला दारात काढलेल्या, चिखलाने जड झालेल्या. आणि विकीबद्दल एकच साधं वाक्य: देअर वॉज नो मड ऑन हिज शूज. त्याच्या बुटांवर चिखल नव्हता.

म्हणजे तो आत्ता आलाच नव्हता. पाऊस पडायच्या आधीपासून आतच होता, कोठीघरात पोत्यांमागे. चिखल, बूट, स्वच्छ, पाऊस. चार शब्द, चारही सोपे. पण त्यांची सांगड वाचकाने स्वतः घालायची होती.

शेवटी इन्स्पेक्टर काळेबाई येतात, सगळ्यांच्या पायांकडे बघतात आणि म्हणतात, “मला कळलं डबा कोणी नेला.” तिथे गोष्ट संपते. चोराचं नाव गोष्टीत नाहीच. ते शेवटच्या प्रश्नांतून वाचकाने काढायचं.

प्रश्नांनी तर स्नेहलचा घाम काढला. पहिले दोनतीन सरळ, एका ओळीत उत्तर सापडणारे, म्हणजे वाचकाला धीर येतो. मग दोन जागची वाक्यं जोडून उत्तर द्यायचे. एक शब्दाचा: अमुक ओळीत हा शब्द कोणत्या अर्थाने आलाय. सातवा प्रश्न सगळ्या गोष्टीचा कणा: कोणाचे बूट स्वच्छ होते, आणि त्यावरून काय कळतं? आठवा: चोराला डबा का हवा होता, त्याचा पुरावा देणारं वाक्य शोधा. विकीने आधीच्या पानावर म्हटलेलं असतं, काका, हा मसाला माझ्या नावाने पाकिटात घालून विकला तर? नववा मोकळा: नानांनी चोराला माफ करावं का? त्याला चुकीचं उत्तर नाही, फक्त कारण द्यायचं.

प्रश्न तयार झाल्यावर तिने नणंदेला, मनालीला, समोर बसवलं. मनालीचं इंग्रजीही मधल्याच पातळीचं. स्नेहलने तिला गोष्ट न देता नुसते प्रश्नच दिले.

“गोष्ट न वाचता उत्तरं कशी देऊ, वहिनी?”

“देता येतायत का तेच बघायचंय.”

मनालीने तीन बरोबर दिली. मिसळीबरोबर काय खातात, पाव. अंगण ओलं का होतं, पाऊस पडला म्हणून. तिसऱ्यात चार पर्यायांपैकी तीन इतके वेडगळ होते की उरलेला आंधळ्यानेही निवडला असता. स्नेहलने तिन्ही प्रश्न काढून टाकले. जो प्रश्न गोष्ट न वाचता सुटतो तो वाचन तपासत नाही, माणसाची सर्वसाधारण हुशारी तपासतो, आणि ती मनालीकडे भरपूर होती. नवे तीन लिहिले. मग मनालीने गोष्ट वाचली, सातव्या प्रश्नाला थांबली, दोन पानं मागे गेली आणि म्हणाली, “अगं बाई, विकी.” स्नेहलला त्या रात्री झोप चांगली लागली.

तिने गोष्ट सरांच्या टेबलावर ठेवली. आठवड्याने छापण्याआधीची प्रत परत आली. मुखपृष्ठावर सरांचा हाताची घडी घातलेला फोटो, खाली सरांचं नाव. स्नेहलचं नाव आतल्या पानावर, ‘संगणक साहाय्य’ या सदराखाली. तिने तो मजकूर दोनदा वाचला. इतकी वर्षं ती ज्यांच्या हाताखाली काम करत होती, त्यांच्याकडून तिची फार अपेक्षा नव्हती. पण टायपिस्ट होण्याचीही नव्हती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. आणि नागोबाने नुसतं बीळ घेतलं नव्हतं, आत जाऊन रंगरंगोटीही केली होती.

इन्स्पेक्टर काळे गायब होत्या. त्यांच्या जागी प्रोफेसर हॅरी आले होते, ‘भारतातील सर्वांत विख्यात इंग्रजी शिक्षक आणि बुद्धिमान गुप्तहेर’. पावसाला सरांनी ‘प्रिसिपिटेशन’ केलं होतं. ‘मड’ हा शब्द पाच वेळा आलाय म्हणजे लेखकाचा शब्दसंग्रह तोकडा, असं समजून तो तीन ठिकाणी खोडला होता. एवढ्यावर भागलं असतं. पण विकीच्या बुटांवर चिखल नव्हता हे स्नेहलचं वाक्य सरांना फारच आवडलं होतं. इतकं आवडलं की ते त्यांनी उचलून प्रोफेसर हॅरींना दिलं. प्रोफेसर चालत अंगणातून येतात, असं होतं. आणि मग दिमाखात: देअर वॉज नो मड ऑन हिज शूज. आता दोघांचेही बूट स्वच्छ दिसायला लागले, तर तो गावंढळ पोरगा आणि प्रोफेसर यांत फरक काय राहिला? म्हणून विकीच्या बुटांना सरांनी गुडघ्यापर्यंत चिखल फासला होता.

वर प्रोफेसरांची नानांशी ओळख दाखवायला एक परिच्छेद जोडला होता. प्रोफेसर नेहमी मिसळ खायला येत. पुष्कळदा म्हणत, नाना, हा मसाला माझ्या हातात द्या, माझ्या नावाने जगभर पोचवतो. विकीचं पाकिटांचं वाक्य ‘अनावश्यक’ म्हणून काढलं होतं.

स्नेहल प्रत घेऊन केबिनमध्ये गेली.

“सर, बूट बदललेत.”

“हो. कसा वाटला टच?”

“सर, गोष्टीत ज्याचे बूट स्वच्छ तो चोर आहे. आता...”

सरांनी हात वर केला. वर्गात कोणी मधे बोललं की ते असाच करत. “मॅडम, तुम्ही बारीकसारीक बघता, ते चांगलंय. ग्रामर बघा. स्पेलिंग बघा. स्टोरी माझ्यावर सोडा. प्रोफेसर हिरो आहे. हिरोचे बूट घाण असतात का?”

“प्रश्न एकदा वाचून बघता का? सातवा.”

“प्रश्न काय, क्लेरिकल काम असतं ते. आणि मागची उत्तरं काढून टाका. उत्तरं मी स्वतः देणार आहे, प्रकाशनाच्या दिवशी, स्टेजवरून. लाइव्ह.”

एकदा सांगून झालं होतं, नीट, मराठीत, टेबलाच्या या बाजूला उभं राहून. दुसऱ्यांदा सांगणं हे संगणक साहाय्यात बसत नव्हतं. तिने दोन स्पेलिंगं दुरुस्त केली आणि प्रत छपाईला पाठवली. संध्याकाळी घरी जाताना तिला थोडी लाज वाटली. तुकडीतली माणसं हे वाचणार होती, आणि गोंधळली तर दोष स्वतःलाच देणार होती. गंगापूर रोडच्या सिग्नलला थांबेपर्यंत ती लाज टिकली. मग ‘संगणक साहाय्य’ आठवलं आणि ओसरली.

प्रकाशन गंगापूर रोडवरच्याच एका छोट्या सभागृहात झालं. प्रमुख पाहुण्या म्हणून एका महाविद्यालयाच्या निवृत्त प्राचार्या बोलावल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या. सगळ्या तुकड्यांना सक्तीने आणलं होतं. दारातच प्रत्येकाच्या हाती पुस्तिका दिली गेली. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले, आणि सरांनी बोलायला सुरुवात केली. ते बराच वेळ आपल्या सृजनाच्या वेदनांविषयी बोलले. रात्र रात्र जागून शब्द शोधावा लागतो, म्हणाले. प्रेक्षकांनी तेवढ्या वेळात दुसरं काही करण्यासारखं नसल्याने पुस्तिका वाचून काढली. स्टेजवर प्राचार्याबाईही वाचत होत्या. मधूनच त्यांनी चष्मा काढून पुसला आणि दोन पानं मागे गेल्या.

स्नेहल मागच्या रांगेत, आपल्या तुकडीशेजारी बसली होती. तिला दिसत होतं, अरिबा पेन्सिलीने खुणा करत होती. शेखरभाऊंचे ओठ हलत होते. ‘प्रिसिपिटेशन’वर ते अडले, अरिबाकडे झुकले, तिने खांदे उडवले, आणि दोघंही पुढे गेले. वर्गात स्नेहलने हेच शिकवलं होतं: एका शब्दासाठी गाडी थांबवू नका.

“आणि आता,” सर माइकवर म्हणाले, “सगळ्यांत एक्सायटिंग भाग. बघू या माझ्या विद्यार्थ्यांची बुद्धी. प्रश्न सातवा.” पुस्तिका उघडून त्यांनी तो बहुधा पहिल्यांदाच वाचला. “हूज शूज वेअर क्लीन? व्हॉट डझ धिस टेल अस अबाउट द थीफ?” वाचता वाचता आवाज किंचित मंदावला. पण सर सराईत होते. “सो, हू इज द थीफ?”

समोरच्या रांगेतल्या एका मुलाने उभं राहून “विकी” म्हटलं. सरांचा चेहरा उजळला.

“एक्सलंट. व्हाय?”

मुलगा खाली बसला. त्याने पुस्तिका उघडलीच नव्हती.

अरिबाने हात वर केला. वर्गात ती कधी हात वर करत नसे. स्नेहलने नाव घेतलं तरच बोलायची. आता ती उभी राहिली, ओढणी सावरली आणि आखूड, नीटस इंग्रजीत म्हणाली, “सर, विकी इज नॉट द थीफ. हिज शूज आर डर्टी. पेज फाइव्ह.”

“दॅट इज...” सर म्हणाले.

“बाबूज फीट आर डर्टी. मिसेस जोशी, डर्टी. ओन्ली वन मॅन हॅज क्लीन शूज.” तिने पान उलटलं. “पेज सिक्स. देअर वॉज नो मड ऑन हिज शूज. दॅट इज प्रोफेसर हॅरी.”

सर हसले. प्रेक्षकांत कोणी हसेल म्हणून थोडे थांबले.

“बेटा, प्रोफेसर डिटेक्टिव्ह आहेत. ते नेहमीच स्वच्छ असतात.”

आता अरिबा मराठीवर आली. “सर, पण ते चालत आलेत असं लिहिलंय. वाट एकच आहे, घोट्याएवढा चिखल आहे. मग बूट कोरडे कसे? म्हणजे बाहेरून आलेच नाहीत. रात्रीपासून आतच होते.”

तिच्या शेजारून शेखरभाऊ उठले. इंग्रजीचा विचार त्यांनी सोडून दिलेला दिसत होता. “सर, आमच्या मळ्यात पावसात येऊन दाखवा अन् बूट साफ ठेवा. लय मोठा माणूस असला तरी चिखल कोणाला ओळखत नाय.”

मागच्या रांगांत हशा पिकला. दोघातिघांनी पानं उलटून ‘बरोबर आहे’ म्हटलं. एका तुकडीतून दुसऱ्या तुकडीत कुजबूज पसरली, आणि सरांच्या लक्षात आलं की सभागृहातली जवळपास सगळी माणसं आता त्यांच्या फोटोकडे आणि मग त्यांच्या बुटांकडे बघतायत. ते त्या दिवशी लखलखीत पॉलिश केलेले होते.

“ओके, ओके. इंटरेस्टिंग व्ह्यू,” सर म्हणाले. “पण चोरीला कारण लागतं. मोटिव्ह. प्रोफेसरसारखा माणूस मसाला कशाला चोरेल?”

हा आठवा प्रश्न होता, आणि सरांनी तो स्वतःच्या तोंडाने विचारला. हात दाखवून अवलक्षण.

उत्तर स्टेजवरून आलं. प्राचार्याबाईंनी आपल्यासमोरचा माइक ओढून घेतला आणि चष्म्यातून पुस्तिकेत बघत शांतपणे वाचलं, “‘नाना, हा मसाला माझ्या हातात द्या, माझ्या नावाने जगभर पोचवतो.’ पान तीन. देवरे सर, काम दुसऱ्याचं आणि नाव स्वतःचं, हा हेतू तर फार जुना आहे. मला वाटतं तुमची विद्यार्थिनी बरोबर आहे. धाडसी कथा लिहिलीत. गुप्तहेरच चोर. लेखकाने स्वतःलाच चोर करणं, मी तर पहिल्यांदाच वाचतेय.”

टाळ्या पडल्या, आणि त्या मनापासूनच्या होत्या, त्यामुळे जास्त लागल्या असाव्यात. सरांना कळेना की हे कौतुक घ्यावं की नाकारावं. आणि मग, बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो तसं, त्यांनी मागच्या रांगेकडे बोट केलं.

“ॲक्च्युअली, स्टोरी आमच्या मॅडमनी लिहिलीय. स्नेहल मॅडम. मी फक्त गाइड केलं. काही चूक राहिली असेल तर त्यांनी एक्सप्लेन करावं.”

सगळ्या माना मागे वळल्या. स्नेहलने मुखपृष्ठाकडे पाहिलं. मघाशी ज्या वेदनांनी सर रात्र रात्र जागत होते, त्या एका वाक्यात तिच्या नावावर झाल्या होत्या. दारात पुस्तिका वाटणाऱ्या मुलीने तिच्या हातात माइक दिला. ती उभी राहिली.

“गोष्ट मी लिहिली,” ती म्हणाली. “माझ्या गोष्टीत प्रोफेसर नव्हते. विकीचे बूट स्वच्छ होते आणि चोर विकी होता. बूट सरांनी बदलले. मसाल्याचं वाक्यही सरांनी लिहिलं. त्यामुळे आता हातातल्या पुस्तकाप्रमाणे चोर प्रोफेसर हॅरीच आहेत. अरिबाचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. उत्तर गोष्टीत जे लिहिलंय त्यावरून द्यायचं असतं, लेखकाच्या मनात काय होतं त्यावरून नव्हे.”

एवढं बोलून ती बसली. आणखी पुष्कळ बोलता आलं असतं. बसल्यावर तिला ते सगळं एकदम सुचलंही, नेहमीप्रमाणे.

आभारप्रदर्शन घाईत झालं. वडे गार झाले होते. प्राचार्याबाईंनी जाताना स्नेहलला बाजूला घेतलं, प्रश्न तिनेच काढलेत का हे विचारलं, आणि कौतुकाचा एकही शब्द न बोलता फक्त म्हणाल्या, “सहावा प्रश्न सातव्याचं उत्तर अर्धं फोडतो. बघा.” स्नेहलने पाहिलं. खरंच फोडत होता. सहाव्यात तिने विचारलं होतं, ‘चिखलातून न आलेला माणूस कुठे लपला होता?’ म्हणजे सातव्याला पोचायच्या आधीच वाचकाला अर्धी गोष्ट सांगून मोकळी. तिला त्या रात्री ‘संगणक साहाय्य’पेक्षा ते जास्त टोचलं.

पुढच्या सोमवारी सर काही झालंच नाही अशा थाटात आले. मंगळवारपर्यंत त्यांना आठवलं की तो ट्विस्ट मूळचा त्यांच्याच डोक्यातला. बुधवारी जिन्यातल्या एका सुविचाराची जागा नव्या फलकाने घेतली: ‘गुप्तहेरच चोर! एका शिक्षकाचा धाडसी प्रयोग.’ पुस्तिका खरोखर उठली. ओझरच्या एका क्लासने मागवली, मालेगावच्या एका शाळेने मागवली. दुसऱ्या आवृत्तीत लेखक म्हणून सरांचंच नाव राहिलं. स्नेहलला ‘संगणक साहाय्य’मधून बढती मिळून ‘विशेष सहकार्य’ झालं. भर सभागृहात सगळ्यांसमोर झालेलं सगळं महिनाभरात कोणाला आठवेना, आणि ज्यांना आठवत होतं त्यांना ते सांगायची गरज वाटेना. तिने महिनाअखेरीस क्लास सोडला. सरांनी निरोपसमारंभ ठेवला आणि त्यातही बराच वेळ स्वतःबद्दल बोलले.

तुकडीतली सातआठ माणसं तिच्याबरोबर आली. अरिबाचा स्टुडिओ रविवारी सकाळी रिकामा असे. चार मोठे आरसे, गाद्यांच्या खुर्च्या, खोलीभर गुलाबपाण्याचा वास. तिथे ही मंडळी बसू लागली. दुसऱ्याच रविवारी स्नेहलने आपली मूळ गोष्ट आणली, इन्स्पेक्टर काळेंची, विकीच्या स्वच्छ बुटांची, सहावा प्रश्न दुरुस्त केलेली. सगळ्यांना वाटली. ती आरशात बघत वाट पाहत राहिली. कौतुकाची वाट बघताना माणूस कसा दिसतो हे तिला त्या चारही आरशांत दिसत होतं.

अरिबाने शेवटचं पान मिटलं.

“कशी वाटली?” स्नेहलने विचारलं.

“चांगली आहे, मॅडम.” अरिबाने शेखरभाऊंकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. “खरं सांगू का, रागावू नका. सरांची जास्त मजेदार होती.”

स्नेहलला हसावं की रडावं कळेना. “सरांनी तर नुसती मोडतोड केली होती.”

“हो ना. पण इथे विकी येतो तेव्हाच कळतं, हाच असणार. गरीब पुतण्या, बेकार, पैशाची नड. गोष्टीत चोर नेहमी असाच असतो. बूट बघायची गरजच पडत नाही. तिथे मात्र मला खरंच पाच वेळा वाचावं लागलं. वाटत होतं, माझंच इंग्रजी चुकतंय. हा मोठा माणूस, सगळे त्याचे पाय धरतायत, आणि वाक्य तर सांगतंय की चोर हाच. मग मी म्हटलं, वाक्य खोटं बोलणार नाही.”

“तेच तर,” शेखरभाऊ छतावरून खाली आले. “एवढ्या लोकांसमोर तू इंग्रजीत उभी राहिलीस ते त्याच्यामुळं. विकीसाठी कोण उठतंय?”

स्नेहलने हातातली मूळ गोष्ट पहिल्यापासून वाचायला घेतली, आणि विकी आत येतो त्या वाक्याशी थांबली. ‘अ पुअर बॉय विदाउट अ जॉब.’ गरीब, बेकार पोरगा. हे वाक्य तिने एवढ्या सहज लिहून टाकलं होतं की त्याच्याकडे पुन्हा पाहिलंच नव्हतं. मनालीनेही पाहिलं नव्हतं. तिने अरिबाच्या टेबलावरची भुवयांची पेन्सिल उचलली, ते वाक्य खोडलं आणि समासात लिहायला लागली. सगळे तिच्याकडे बघत होते.

“तोवर नववा प्रश्न घ्या,” ती मान वर न करता म्हणाली. “नानांनी माफ करावं का? शेखरभाऊ, तुम्ही. इंग्रजीत.”

शेखरभाऊंनी घसा साफ केला. आणि मग त्यांनी, मधे एकदाही न थांबता, नानांनी माफ का करू नये याची तीन कारणं सांगितली. त्यात व्याकरणाच्या चुका होत्या. त्या कोणी मोजल्या नाहीत.